एका कप्प्यातले दोन व

वीसपैकी अकरा. विभागप्रमुखांनी निकालाच्या कागदावर त्या आकड्याभोवती लाल गोल काढला होता आणि काढताना हात जरा जास्तच दाबला होता. बाकीच्या तीन भागांत एकोणीस, वीस आणि अठरा. पास व्हायला प्रत्येक भागात सोळा लागतात.

"डोळे मिटून खुणा केल्या असत्या तरी दहा आले असते," प्रमुख म्हणाले.

"म्हणजे एक मी कमावला," ती म्हणाली, आणि कागदाची घडी करून एप्रनच्या खिशात घातली.

हॉस्पिटलच्या तळघरात निर्जंतुकीकरणाचा विभाग आहे. वरच्या ऑपरेशन थिएटरांतून वापरलेली अवजारं लिफ्टने खाली येतात. ती धुवायची, वाळवायची, तपासायची, ठरलेल्या यादीप्रमाणे ट्रेमध्ये लावायची आणि वाफेच्या यंत्रात घालायची. तपासणीच्या टेबलाशी ती अकरा वर्षं उभी होती. दोन कात्र्या समोर ठेवल्या आणि एकीचं टोक दुसरीपेक्षा केसभर जास्त वाकलेलं असलं, तर हात न लावता सांगायची. त्यावरून तिला सगळे कात्रीबाई म्हणत. जिभेवरून म्हणतात असंही काहींचं मत होतं. तिने कधी खोडून काढलं नाही.

टेबलापलीकडे काचेची एक खोली आहे. तिच्यात एक खुर्ची, एक फोन आणि एक पाटी. थिएटरमधून फोन येतो, अमुक ट्रे पाठवा म्हणून, आणि खुर्चीतला माणूस तो ऐकून टेबलाकडे हुकूम सोडतो. ती खुर्ची तीन महिन्यांनी रिकामी होणार होती. कात्रीबाईने अर्ज केला तेव्हा गुडघ्यांचं कारण लिहिलं. गुडघे दुखत होते हे खरंच होतं. पण कोणत्या ट्रेमध्ये काय असतं हे तिच्याएवढं तळघरात कोणालाच ठाऊक नव्हतं, आणि खुर्चीतून आलेले चुकीचे हुकूम ती अकरा वर्षं गुपचूप दुरुस्त करत आली होती. माहिती एकीची आणि खुर्ची दुसऱ्याची, हे आता तिला पुरे झालं होतं.

खुर्चीसाठी ऐकण्याची चाचणी द्यावी लागे. काही वर्षांपूर्वी फोनवर नाव नीट न कळल्याने भलताच ट्रे वर गेला होता. कोणाला इजा झाली नाही, पण तेव्हापासून नियम झाला: खुर्चीवर बसणारा या देशात जन्मलेला असो की बाहेरून आलेला, चाचणी सगळ्यांना. कानांना हेडफोन लावायचे. आवाज एक शब्द बोलतो. कागदावर दोन शब्द छापलेले असतात, ऐकलेल्यावर खूण करायची. चार भाग, प्रत्येक भागात फोनवर गल्लत होणाऱ्या आवाजांची एकेक जोडी.

तिचा चौथा भाग गेला, त्यातले दोन्ही आवाज आपण 'व' याच अक्षराने लिहू. इथल्या भाषेत ते दोन वेगळे आहेत. एकात वरचे दात खालच्या ओठावर हलकेच टेकतात आणि श्वास घासून बाहेर येतो. दुसऱ्यात दात कामालाच नसतात; ओठ 'उ' म्हणायला निघाल्यासारखे गोल होतात आणि लगेच उघडतात. इथल्या माणसाला ते क आणि म इतके वेगळे ऐकू येतात. तिच्या घरच्या मराठीतला व या दोघांच्या मधला; ओठ सैल, दात जवळ पण टेकलेले नाहीत. दोन शेजाऱ्यांच्या मध्ये एकच दार असावं तसं.

गंमत म्हणजे बोलताना ती दोन्ही नीट बोलायची. दात टेकव म्हटलं की टेकवायची, ओठ गोल कर म्हटलं की करायची. वर्षानुवर्षं सांभाळून बोलत आली होती, कोणी चूक काढली नव्हती. तोंडाला येत होतं, कानाला येत नव्हतं.

"कान तपासून घ्या," प्रमुखांनी जाता जाता सांगितलं. "या वयात होतं असं."

तिचं वय एकोणपन्नास. प्रमुखांचं त्रेपन्न.

कान तपासणारी बाई दुसऱ्या मजल्यावर बसायची. तिने कात्रीबाईला जाड दाराच्या छोट्या खोलीत बसवलं, हातात बटण दिलं आणि बारीक, अजून बारीक शिट्ट्या ऐकवल्या. अर्ध्या तासाने आलेख बाहेर आला. कान उत्तम होते. तिशीतल्या पुष्कळांचे इतके चांगले नसतात, असं बाईने सांगितलं आणि मग विचारलं की इथे कोणी पाठवलं. कात्रीबाईने निकालाचा कागद उलगडून दाखवला.

बाईने पहिले तीन आकडे पाहिले, चौथा पाहिला आणि हसली. हसणं टिंगलीचं नव्हतं, ओळखीचं होतं. असे लोक तिच्याकडे येतच असत, कोणाला वरिष्ठांनी पाठवलेलं, कोणाला नवऱ्याने. तिने सांगितलं ते असं: पाच-सहा महिन्यांचं बाळ असतं ना, त्याला जगातल्या परक्या भाषांतले असले फरकसुद्धा बहुतेक कळतात. कुठल्या घरात जन्मलोय हे त्याला अजून पक्कं ठाऊक नसतं, म्हणून ते सगळं जमेला धरून ठेवतं. वर्षाचं होईपर्यंत घरात कोणते फरक कामाला येतात ते त्याच्या लक्षात येतं. तेवढे ते धारदार करतं आणि बाकीच्यांकडे काणाडोळा करायला शिकतं. हा बिघाड नाही, हुशारी आहे. नाहीतर माणसागणिक बदलणाऱ्या आवाजांच्या गदारोळात त्याला एक शब्द धड उचलता आला नसता. मोठेपणी परकी भाषा आली की नवे आवाज त्या जुन्या घडीत जाऊन पडतात. एक आवाज एकीकडे आणि दुसरा दुसरीकडे पडला, तर फारसा त्रास नाही. दोन्ही एकाच जागी पडले, तर सगळ्यात अवघड.

"म्हणजे दोन कात्र्या एकाच कप्प्यात," कात्रीबाई म्हणाली.

"आवाज आत पोचतोय. तुमचं डोकं दोन्ही एकाच कप्प्यात टाकतंय, कारण एकोणपन्नास वर्षं तसं करून काही बिघडलं नाही."

"कप्पा मोडता येतो?"

"मोडता येत नाही. मध्ये फळी घालता येते. वेळ लागतो, आणि लहानपणी घातल्यासारखी ती कधी घट्ट बसेलच असं नाही."

कात्रीबाईने कान उत्तम असल्याचा दाखला मागून घेतला, खाली येऊन काचेच्या खोलीबाहेरच्या सूचनाफलकावर टाचणीने लावला आणि प्रमुख सह्या करायला येईपर्यंत तिथून हलली नाही. प्रमुखांनी तो वाचला. काढायला सांगितलं नाही.

दुसरी आणि शेवटची संधी अडीच महिन्यांनी होती. त्यात नापास झालं तर वर्षभर अर्ज करता येणार नव्हता, आणि वर्षभर खुर्ची काही रिकामी राहणार नव्हती.

शनिवारी सकाळी ती भाषेच्या वर्गाला जायची. वाचनालयाच्या वरच्या मजल्यावर, लांब टेबल आणि न जुळणाऱ्या खुर्च्या असलेल्या खोलीत, एक मास्तरीणबाई एकोणीस वर्षं मोठ्या माणसांना इथली भाषा शिकवत होत्या. त्यांची एक ठरलेली रीत होती. अवघड आवाज आला की त्या खुर्ची ओढून मधोमध बसत, हनुवटी वर करत आणि म्हणत, "माझ्या तोंडाकडे बघा." वर्ग बघे आणि वर्गाला बरोबर येई. कात्रीबाईला त्या वर्गात या दोन आवाजांच्या तपासणीत वीसपैकी वीस मिळाले होते. मास्तरीणबाईंनी वहीत चांदणी काढून दिली होती, पोरीबाळींना देतात तशी.

त्या शनिवारी बाई फळ्याकडे वळून लिहिता लिहिता शब्द बोलत होत्या. कात्रीबाईच्या लक्षात आलं की बाईंची पाठ फिरली की आपल्याला काही कळत नाही. पाठ फिरली की एक व, तोंड दिसलं की दोन. चांदणी कानांना मिळाली नव्हती, डोळ्यांना मिळाली होती. आणि हेडफोनला ओठ नसतात. थिएटरच्या फोनलाही नसतात. थिएटरमधले लोक तर समोर उभे राहिले तरी तोंड बांधून असतात.

तिने मास्तरीणबाईंकडून वीस जोड्या मोबाइलवर बोलून घेतल्या आणि घरी नेल्या.

तिचा नवरा सोफे आणि खुर्च्यांना कापड चढवायचं काम करायचा. बोटांना कायम गोंदाचा वास, आणि स्वभाव असा की खिळा वाकडा गेला तरी आधी त्याची बाजू ऐकून घेणारा. तिने त्याला उत्तरांचा कागद देऊन समोर बसवलं. मोबाइल शब्द बोले, ती डोळे मिटून सांगे, पहिला किंवा दुसरा, आणि तो कागद बघून म्हणे, बरोबर किंवा चूक.

"चूक," तो म्हणाला.

"अहो, तुम्हाला तरी कळतोय का फरक?"

"मला कागद दिसतोय."

"कान देऊन ऐका जरा."

"ऐकलं की. दोन्ही वेळा तेच म्हणाली बाई. पण कागद म्हणतोय चूक, तर चूक." आणि थोडं थांबून, "माझ्यावर कशाला डोळे वटारतेस? मी काय लिहिलंय का ते?"

त्यांची मुलगी दीड वर्षाची असताना इथे आली होती आणि आता दुसऱ्या गावात नोकरी करत होती. फोनवर तिला दोन शब्द ऐकवले तर ती म्हणाली, आई, ढळढळीत वेगळे आहेत, यात अभ्यास कसला करायचा. कात्रीबाईने सांगितलं की तुला मराठीतला ळ अजून धड म्हणता येत नाही आणि आजी इतकी वर्षं तुझी जीभ वळवतेय, तेव्हा तू गप्प बस.

तीन आठवडे रोज सकाळी कामावर जायच्या आधी अर्धा तास. पंधरा, सतरा, आणि मग एक दिवस एकोणीस. डोळे मिटून, ओठ न बघता. नवऱ्याने कागद खाली ठेवला आणि म्हणाला, झालं की काम, चहा टाक.

चहा झाल्यावर ती कामावर गेली आणि फाटकावरच्या पहारेकऱ्याला तोच कागद देऊन केबिनच्या काचेआडून वाचायला सांगितला. पहारेकरी खर्जातला, शब्द चावून बोलणारा माणूस. तेच वीस शब्द, त्याच जोड्या. तिला बारा आले.

ती फाटकापाशी उभी राहिली. मागून येणाऱ्यांनी दोनदा बाजूला व्हायला सांगितलं. एकोणीस कुठे गेले हे तिला कळत होतं आणि ते कळल्यानेच संताप येत होता. तिने आवाज शिकला होता, फरक शिकलाच नव्हता. मास्तरीणबाई अमुक शब्द जरा ओढून म्हणतात, तमुक म्हणताना श्वास घेतात, हे तिच्या डोक्याने टिपून ठेवलं होतं. व तिथे नव्हताच. नुसत्या मास्तरीणबाई होत्या.

शनिवारी वर्ग सुटल्यावर तिने हे बाईंना सांगितलं. बाई वह्या गोळा करत होत्या. त्यांचं म्हणणं पडलं की एकोणीस आले म्हणजे येतंय, बाकी भीती आहे. मग त्यांनी आवाज मऊ केला आणि सांगितलं की मोठ्या वयात एका मर्यादेपुढे कान जात नाही, एकोणीस वर्षांचा आपला अनुभव आहे, त्यात कमीपणा मानू नये.

तिला तो मऊ आवाज सहन झाला नाही. प्रमुखांचा खवचटपणा परवडला.

"बाई, मी चार आवाज म्हणते. वेगळे किती ते सांगा." तिने हातातली वही तोंडापुढे धरली आणि म्हणाली, "ता. था. टा. ठा."

बाई वह्या धरून थांबल्या. "पुन्हा."

ती पुन्हा म्हणाली.

"एकच आहे," बाई म्हणाल्या. "फार तर दोन. काहींना जोर जास्त दिलात तुम्ही."

"चार आहेत. आमच्याकडे तीन वर्षांचं पोर गल्लत करत नाही."

बाईंनी वह्या टेबलावर ठेवल्या आणि नकळत पुढे वाकून तिच्या वहीआड डोकावल्या, जीभ कुठे लागते ते बघायला. कात्रीबाईने वही आणखी वर केली.

"बघायचं नाही. ऐकायचं. मी या देशात वीसहून जास्त वर्षं ऐकतेय, तुम्हाला एक मिनिट झालंय."

यातून चाचणीत एक गुणही वाढत नव्हता, हे दोघींनाही माहीत होतं. चाचणी इथल्या भाषेची होती. ता-था-टा-ठाला हॉस्पिटलात कोणी विचारणार नव्हतं. पण मास्तरीणबाई खुर्चीत बसल्या. कात्रीबाईच्या कामाच्या गोष्टी त्यांनी वर्गात ऐकलेल्या होत्या. मग त्यांनी विचारलं ते एवढंच, की तुमच्याकडे कामावर नवीन माणसाला कात्र्या कशा शिकवता?

आणि उत्तर देता देता कात्रीबाईला स्वतःचंच म्हणणं ऐकू आलं.

नवीन माणूस आला की त्याला सरळ टोकाची आणि किंचित वाकड्या टोकाची कात्री सारखीच दिसते. पहिले काही दिवस तो शपथेवर सांगतो की दोन्ही एकच आहेत. त्याला दोन्हींचा एकेक छान नमुना दाखवून उपयोग नसतो. तो नमुन्यावरचा ओरखडा लक्षात ठेवतो, मुठीवरचा डाग लक्षात ठेवतो, आणि दुसऱ्या कंपनीची कात्री आली की गडबडतो. म्हणून कात्रीबाई त्याच्यापुढे ढीग ओतायची. पन्नास कात्र्या, जुन्या, नव्या, लांब, आखूड, चकचकीत, काळवंडलेल्या. एकेक उचल, डावीकडे टाक किंवा उजवीकडे. चुकलास की त्याच क्षणी सांगणार, उद्या सांगणार नाही. कारण सांगत बसणार नाही. दोन आठवड्यांत त्याचा हात डागावरून उठून टोकावर जातो. का, ते त्यालाही सांगता येत नाही.

"मला ढीग पाहिजे," ती म्हणाली. "तुमचा एकटीचा आवाज नको."

मास्तरीणबाईंनी त्याच दिवशी चांदण्यांची डबी कपाटात ठेवली की नाही, हे ठाऊक नाही. पण पुढच्या शनिवारी त्यांनी जोड्यांच्या चार नव्या याद्या करून आणल्या. कुठे हा आवाज शब्दाच्या सुरुवातीला, कुठे मध्ये, कुठे पुढे आ, कुठे ई, कुठे उ. आणि या वेळी त्या तोंड दाखवायला बसल्या नाहीत. टेबलावर मोबाइल ठेवून वर्गाकडे पाठ करून वाचू लागल्या.

आवाज कात्रीबाईने जमवले. पहारेकरी, धोब्याकडचा तोतरा कामगार, स्वयंपाकघरातली किनऱ्या आवाजाची बाई, लिफ्टवाला, दोन नर्सा, भुलीचा डॉक्टर आणि कान तपासणारी बाई. मास्तरीणबाई धरून नऊ झाले. लिफ्टवाल्याने मोबदल्यात चार मजले जिन्याने चढायला लावलं. भुलीच्या डॉक्टरने इतक्या हळू वाचलं की नवरा म्हणाला, या माणसाला औषधाची गरज नाही, नुसतं बोलला तरी पेशंट झोपेल. मुलीने सगळे आवाज एकत्र करून पत्त्यांसारखे पिसले आणि उत्तरांचे कागद पाठवले. नवऱ्याने समोरची जागा पुन्हा घेतली.

पहिल्या आठवड्यात अकरा, दहा, बारा. नवऱ्याने एक दिवस बारीक आवाजात सुचवलं की आधीचंच बरं होतं, त्यात एकोणीस तरी येत होते.

"ते एकोणीस खोटे होते. हे दहा खरे आहेत," ती म्हणाली. "पुढचा लावा."

तिसऱ्या आठवड्यात प्रमुखांनी तिला बोलावलं. खुर्चीसाठी पॅकिंगमधल्या एका तरुणाचाही अर्ज आला होता, तो चाचणी पहिल्या फटक्यात पास झाला होता. प्रमुखांनी सुचवलं की दुसऱ्यांदा नापास झाल्याची नोंद फाइलमध्ये राहते. त्यापेक्षा अर्ज मागे घ्यावा, म्हणजे मान राहील.

"मान अकरा वर्षं टेबलावर वाकूनच आहे," ती म्हणाली. "ती राहू द्या तशीच. अर्जही राहू द्या."

त्यांनी पेन उचललं, पुन्हा ठेवलं. जाताना दारापाशी ती थांबली आणि विचारलं की त्या तरुणाला हाडांच्या ऑपरेशनच्या ट्रेमध्ये किती चिमटे असतात हे कोणी विचारलं का. प्रमुखांना स्वतःलाही आठवत नव्हतं.

चौथ्या आठवड्याच्या मध्यावर काहीतरी हललं. एकदम उजेड पडला असं काही झालं नाही. आधी स्वयंपाकघरातल्या बाईच्या आवाजात एका व-च्या तळाशी बारीक खरखर लागू लागली, कापडावरून नख ओढल्यासारखी. मग ती खरखर पहारेकऱ्यात सापडली, मग धोब्याच्या कामगारात, तो अडखळायच्या आधी. दुसऱ्या व-ला खरखर नव्हतीच. तो आतून कुठूनतरी गोल येऊन पुढच्या स्वरात घसरायचा. एकदा लागलं की वाटायचं, हे इतकी वर्षं कुठे होतं? आणि दुसऱ्याच दिवशी पुन्हा लागायचं नाही. चौदा. तेरा. पंधरा. पुढे उ किंवा ओ आला की तर सगळं पाण्यात; तो स्वर स्वतःच गोल, त्यात गोल व बुडून जायचा. सहाव्या आठवड्यात सतरा आले. नवऱ्याने कागद दोनदा तपासला.

"बरोबर," तो म्हणाला. मग मोबाइल पुढे ओढून घेतला. "मलाही लाव बघू एकदा."

त्याला नऊ आले. त्याने उठून चहा टाकला.

चाचणीच्या दिवशी हेडफोनमध्ये एक अनोळखी, भरभर बोलणारा पुरुष होता. मागच्या वेळी बाई होती. खोलीत प्रमुख आणि वरच्या कार्यालयातली एक कारकून. कात्रीबाईने चौथ्या भागाला डोळे मिटले. माणूस परका होता, खरखर ओळखीची होती. दोन शब्दांना तिला काहीच लागलं नाही, तिथे तिने अंदाजाने खूण केली आणि पुढे गेली. ढिगातली एक कात्री हातात धरून बसलं तर बाकीचा ढीग तसाच राहतो.

कारकुनाने आकडे वाचले. वीस, एकोणीस, एकोणीस, सतरा.

प्रमुखांनी कागद हातात घेतला. लाल पेन खिशातच होतं. "आज लागलं," ते म्हणाले. "नशिबाचाही भाग असतो यात."

"पुन्हा घ्या," ती म्हणाली.

"नियमात नाही."

"नियमासाठी नाही, तुमच्यासाठी. तुमचा आवाज मी कधी भरून घेतला नाही. काचेच्या खोलीतून फोनवर वाचा. तोंडाला मास्क लावा."

कारकून कागदपत्रं आवरायची सोडून बघत बसली. प्रमुखांना नाही म्हणता आलं असतं. पण नाही म्हणण्यात काय दिसेल, तेही त्यांना कळत होतं. ते काचेच्या खोलीत गेले, मास्क लावला आणि फोन उचलला; ती बाहेर टेबलाजवळच्या फोनशी उभी राहिली. दहा शब्द वाचले; प्रत्येकाला ती पहिला की दुसरा ते सांगत गेली. दहाव्यानंतर रिसीव्हर खाली ठेवून काचेतून बोटं दाखवली. आठ.

"वीसला सोळा, दहाला आठ," कारकून म्हणाली. "पास."

अकरा वर्षांच्या अनुभवावर खुर्ची कात्रीबाईला मिळाली आणि पॅकिंगमधल्या तरुणाला पुढच्या रिकाम्या जागेसाठी यादीत पहिला ठेवला. मोठ्या चिमट्यांचे ट्रे कसे लावायचे, हे कात्रीबाईने त्याला खुर्चीत बसायच्या आधीच्या आठवड्यात शिकवलं. ढीग ओतून.

खुर्चीत बसल्यावर पहिल्याच आठवड्यात तिला कळलं की हेडफोनची शांतता ही चैन होती. थिएटरच्या फोनमागे यंत्रं बीपबीप करतात, कोणी धातूचं भांडं आपटतं, दोघं बोलत असतात. घातलेली फळी त्या गोंधळात हलते. शांततेत सतरा असलेले गोंगाटात तेरा होतात. काचेपलीकडच्या कोणाला ते दिसत नव्हतं, तिला मात्र नेमकं माहीत होतं. पुढे उ किंवा ओ असला की ती कानावर विश्वास ठेवत नाही.

म्हणून तिने पाटीवर एक ओळ लिहिली: ट्रेचं नाव सांगा आणि नंबरही सांगा, दोन्ही परत म्हणून दाखवल्यावरच ट्रे निघेल. वरून तक्रार आली. आधीचा माणूस एकदाच ऐकून ट्रे पाठवायचा, असं प्रमुखांनी सांगितलं. तिने खणातून जुनी वही काढली. आधीच्या माणसाने चुकीचे सांगितलेले आणि आपण टेबलावर परत फिरवलेले ट्रे तिने तारखेसकट लिहून ठेवले होते. आधीचा माणूस इथलाच जन्मलेला होता. प्रमुखांनी दोन पानं उलटली आणि ओळ राहिली.

एका सकाळी तीन नंबरच्या थिएटरमधून फोन आला. शल्यविशारद स्वतःच बोलत होते, तेही घाईत. त्यांनी नाव सांगितलं. तिने नाव परत म्हणून दाखवलं आणि नंबर विचारला. पलीकडून मोठा श्वास ऐकू आला.

"दोन दोनदा काय विचारता? ऐकू येत नाही का तुम्हाला?"

"ऐकू येतं," ती म्हणाली. "दाखला बाहेर लावलाय. नंबर सांगा."